आईला रोज सकाळी इअरबड्स जोडता यावेत म्हणून: मोठ्या अक्षरांचं कार्ड कसं बनवायचं

माझ्या आईचं वय ७६. सकाळी उठून आवरलं की ती खुर्चीत बसून फोनवर तासभर पुस्तक ऐकते. डोळे आता फार वेळ वाचू देत नाहीत, आणि स्पीकरवरचा आवाज तिला नीट समजत नाही. इअरबड्स घातले की एकेक शब्द कळतो. पण आठवड्यातून तीन-चार दिवस ते फोनला जोडलेच जायचे नाहीत, आणि मग ती इअरबड्सची डबी बाजूला ठेवून गप्प बसून राहायची. मी दूर राहतो. फोनवरून सांगत बसलो की दोघांचीही चिडचिड व्हायची. शेवटी एका सुट्टीत तिच्यासाठी कार्ड बनवलं. पहिलं फसलं, दुसरं थोडं चाललं, तिसरं आता दीड वर्ष तिच्या खुर्चीशेजारी आहे. असं कार्ड पहिल्यांदाच बनवायला घेणाऱ्यांसाठी ते कसं करायचं ते लिहितो.

आधी एक फरक लक्षात घ्या. इअरबड्सची फोनशी पहिली ओळख करून देणं हे एक काम, आणि ओळख झालेली जोडी रोज सकाळी पुन्हा जोडली जाणं हे वेगळं काम. पहिलं एकदाच करायचं असतं, ते तुम्हीच करा. दुसरं खरं तर आपोआप होतं: डबी उघडली की इअरबड्स जागे होतात आणि शेवटी ज्या फोनशी बोलत होते त्याला शोधतात. कार्ड फक्त या दुसऱ्या कामासाठी आहे. त्यावर `Pair new device` हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. आई-वडील एकदा त्या वाटेला लागले की शेजारच्यांचा टीव्ही, कुणाचं तरी घड्याळ अशी अनोळखी नावांची यादी समोर येते, आणि तिथून परत यायचं कसं हे त्यांना कळत नाही.

आधी तीन सकाळी नुसतं बसून बघा

कार्ड लिहायला घेण्याआधी शेजारी बसा आणि हात मागे ठेवा. काही सुचवू नका. काय होतं ते कागदावर टिपून घ्या. हे अवघड जातं, कारण आपला हात सारखा फोनकडे जातो. पण कार्डावर काय लिहायचं ते याच तीन सकाळी कळतं.

पहिल्या सकाळी आईने इअरबड्स कानात घातले, पुस्तक सुरू केलं आणि आवाज फोनमधूनच यायला लागला. बघितलं तर ब्लूटूथ बंद. बॅटरी वाचावी म्हणून रात्री झोपताना तीच ते बंद करत होती. कुणीतरी तिला तसं सांगितलं होतं.

दुसऱ्या सकाळी ब्लूटूथ चालू होतं, इअरबड्समधून जोडल्याचा आवाजही आला, तरी पुस्तक फोनच्याच स्पीकरवर. याचं उत्तर सापडायला मला अर्धा तास लागला. आदल्या संध्याकाळी नातवाने तेच इअरबड्स टॅबवर लावून काहीतरी बघितलं होतं. टॅब शेजारच्या खोलीत पडून होता. सकाळी डबी उघडताच इअरबड्स इमानेइतबारे त्यालाच जाऊन चिकटले.

तिसऱ्या सकाळी एकाच कानात आवाज. डावा इअरबड रात्री डबीत नीट बसला नव्हता. डबीत नीट न बसलेला इअरबड बंद होत नाही, रात्रभर जागा राहतो आणि सकाळपर्यंत त्याची बॅटरी संपते.

तिन्ही दिवशी आईचं म्हणणं एकच होतं: "हे बिघडलंय." कारणं मात्र तीन निराळी, आणि त्यातली दोन आदल्या रात्रीचीच. तुमच्या घरी कारणं वेगळी निघतील. ती कळल्याशिवाय लिहिलेलं कार्ड दुसऱ्याच कुणाच्या अडचणीचं होईल.

कार्डाआधी फोन आणि डबी तयार करा

एखादी गोष्ट आपल्याला कायमची निस्तरता येत असेल, तर ती आईच्या कार्डावर पायरी म्हणून टाकायची नाही. प्रत्येक पायरी म्हणजे चुकण्याची एक जागा. माझ्या पहिल्या कार्डावर अकरा पायऱ्या होत्या. खालची कामं केल्यावर पाच उरल्या.

सगळ्यात आधी टॅबची ओळख पुसली. टॅबच्या ब्लूटूथच्या यादीत इअरबड्सच्या नावावर गेलं की `Forget` असा पर्याय येतो, तो दाबायचा. असे इअरबड्स घरात दुसऱ्या कुणी वापरायचे नाहीत, हे नातवालाही नीट समजावून सांगितलं. त्याच्यासाठी वेगळा हेडफोन आहे. आजीच्या वस्तूला हात लावू नको असं नुसतं म्हटल्याने मूल ऐकत नाही. दुसऱ्या यंत्राला लावलं की सकाळी आजीला ऐकू येत नाही, हे दाखवलं तेव्हा त्याला पटलं.

मग नाव बदललं. फोनच्या यादीत इअरबड्सचं कंपनीने दिलेलं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून पंधरा अक्षरांचं होतं. त्या नावावर जाऊन पेन्सिलीच्या चिन्हाने ते बदलता येतं. मी फक्त `आई` एवढंच ठेवलं. मोठं नाव ठेवू नका, चौकोनात अर्धं कापलं जातं. या छोट्या कामाचा फायदा पुढे फार झाला. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर इअरबड्स जोडले गेले की वरून ओढायच्या पडद्यातल्या ब्लूटूथच्या चौकोनावर त्यांचं नाव येतं. म्हणजे तिथे `आई` दिसलं की जोडलं गेलं. ही खूण तिला चष्म्याशिवायही कळते.

तो चौकोन पडद्यात पहिल्या जागी आणून ठेवला. त्या पडद्यावर पेन्सिलीचं किंवा बदल करायचं चिन्ह असतं. ते दाबलं की चौकोन ओढून हव्या त्या जागी नेता येतात. सोबत फोनच्या अक्षरांचा आकारही वाढवला. काही फोनवर वरच्या डाव्या बाजूने ओढलं की एक पडदा येतो आणि उजव्या बाजूने ओढलं की दुसराच. तसं असेल तर कुठल्या बाजूने ओढायचं तेही कार्डावर यायला हवं. काही नव्या फोनवर चौकोन दाबल्यावर ब्लूटूथ लगेच चालू-बंद न होता आधी एक यादी उघडते. म्हणून प्रत्येक पायरी त्यांच्याच फोनवर स्वतः करून बघा. आपल्या फोनवरून लिहिलेलं कार्ड त्यांच्या हातात गेलं की दुसऱ्याच पायरीला अडतं.

आयफोन असेल तर एक गोष्ट माहीत असावी. कंट्रोल सेंटरमधून ब्लूटूथ बंद केलं तर ते पूर्ण बंद होत नाही. इअरबड्स तेवढे सुटतात आणि पहाटे पाचला फोन ते आपणहून पूर्ववत करतो. सेटिंग्जमध्ये जाऊन बंद केलेलं मात्र बंदच राहतं. त्यामुळे आयफोनवर सकाळी ब्लूटूथ बंद सापडलं, तर ते बहुधा सेटिंग्जमधून बंद झालेलं असतं, आणि कार्डावर तिथलीच वाट लिहावी लागते.

आणखी एक काम म्हणजे इअरबड्सचा स्पर्श बंद करणं. बऱ्याच इअरबड्सवर बोट टेकलं की आवाज थांबतो, दोनदा टेकलं की पुढचा भाग लागतो. आई कानात ते नीट बसवायला बोटाने दाबायची आणि पुस्तक थांबायचं, मग ती पुन्हा दाबायची. इअरबड्सच्या ॲपमध्ये हे बंद करायची सोय बहुतेक वेळा असते. नसेल, तर कडेला धरून बसवायला शिकवा.

शेवटी उजव्या इअरबडवर आणि डबीतल्या उजव्या खोबणीशेजारी नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका दिला. इअरबडवर R आणि L कोरलेलं असतं, पण ते मलाही भिंग घेऊन वाचावं लागतं. ठिपका बाहेरच्या गुळगुळीत भागावर द्या. जाळीवर किंवा चार्जिंगच्या सोनेरी ठिपक्यांवर तो जाऊ देऊ नका, आणि स्पर्श चालू ठेवला असेल तर टेकायच्या जागेवरही नको.

पहिलं कार्ड का फसलं

पहिल्या कार्डावर मी दुसरी पायरी अशी लिहिली होती: "ब्लूटूथ चालू कर." मला त्यात काही खोट दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कार्ड हातात घेतलं, पडदा ओढला, चौकोनावर बोट ठेवलं. ब्लूटूथ आधीच चालू होतं. रात्री बंद करायचं नाही हे तिने कटाक्षाने पाळलं होतं. कार्डाने चालू कर म्हटलं म्हणून तिने दाबलं आणि ते बंद झालं. मग तिसरी पायरी, चौथी पायरी, काहीच होईना. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी ब्लूटूथ चालू झालं, पण डबी आधीच उघडलेली होती आणि इअरबड्स शोधून शोधून थकले होते. तिने माझ्याकडे बघितलं. "तू लिहिलंस तसंच केलं मी," म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं.

हे बटण चालूचं बंद करतं आणि बंदचं चालू करतं. अशा बटणाबद्दल नुसतं "चालू कर" म्हणून भागत नाही. आधी काय दिसतंय ते बघायला सांगायचं आणि मग दोन वाटा द्यायच्या: असं दिसलं तर हात लावू नको, तसं दिसलं तर एकदाच दाब. "हात लावू नको" ही वाट आधी लिहा, कारण बहुतेक सकाळी तीच लागू असते.

रंगावर विसंबू नका. "निळा चौकोन" असं लिहायचा मोह होतो. पण नव्या अँड्रॉइड फोनवर चौकोनांचा रंग पाठीमागच्या चित्राप्रमाणे बदलतो. कुणी चित्र बदललं की निळा जाऊन हिरवा किंवा करडा येतो. शिवाय वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा-करडा हा फरक आईसारख्यांना पुसट दिसतो. चौकोनाखाली शब्द असतात, ते लिहा. तिच्या फोनची भाषा इंग्रजी असल्याने मी `On` आणि `Off` हेच लिहिलं, पडद्यावर जसे दिसतात तसेच. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण दोन अक्षरांचा शब्द आणि तीन अक्षरांचा शब्द हा फरक ती क्षणात ओळखते. फोनची भाषा मराठी असेल तर तिथे दिसणारा मराठी शब्द लिहा.

पायऱ्यांचा क्रमही मी चुकवला होता. आधी डबी, मग फोन असा लिहिला होता. डबी उघडल्यावर इअरबड्स फोनला थोडाच वेळ हाका मारतात. तेवढ्यात फोनचं ब्लूटूथ चालू नसेल तर बरेचसे इअरबड्स थांबतात, किंवा नव्या ओळखीसाठी सज्ज होऊन वाट बघत बसतात. म्हणून फोन आधी बघायचा आणि डबी नंतर उघडायची.

आता असलेलं कार्ड

हे तिसरं कार्ड, जसंच्या तसं:

> सकाळी ऐकायला बसताना
>
> १. फोन उघड. वरून खाली बोट ओढ.
> *पहिला चौकोन बघ.*
>
> २. `On` आहे → हात लावू नको.
> `Off` आहे → एकदाच दाब.
>
> ३. आता डबी उघड. दोन्ही कानातली काढून कानात घाल.
> *लाल ठिपका = उजवा कान.*
>
> ४. सावकाश दहा आकडे मोज.
> *"कनेक्टेड" ऐकू येईल. चौकोनात आई दिसेल.*
>
> ५. पुस्तक लाव.
>
> नाही झालं?
> दोन्ही डबीत ठेव. झाकण लाव. वीस आकडे मोज. पुन्हा १ पासून.
>
> तरी नाही झालं?
> डबी बंद कर. मला फोन कर.

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा ठेवल्या आहेत.

भाषा घरातली आहे. आईला मी "तू" म्हणतो, म्हणून "उघड", "दाब". तुम्ही वडिलांसाठी लिहीत असाल आणि त्यांना "तुम्ही" म्हणत असाल तर "उघडा", "दाबा" लिहा. "वापरकर्त्याने झाकण उघडावे" असलं काही लिहू नका. वस्तूंची नावंही त्यांचीच ठेवा. माझी आई इअरबडला "कानातलं" म्हणते आणि केसला "डबी", म्हणून कार्डावरही तेच. पहिल्या कार्डावर मी "केस" लिहिलं होतं आणि ती "कुठले केस?" म्हणून थबकली.

गरज आहे त्या पायरीखाली तिरप्या अक्षरांत काय दिसेल किंवा ऐकू येईल ते आहे. हे नसेल तर पायरी झाली की नाही हे कळायला मार्ग उरत नाही, आणि माणूस तीच पायरी पुन्हा करतो. इअरबड्समधून येणारा आवाज कंपनीप्रमाणे बदलतो. कुठे शब्द असतो, कुठे नुसता सूर. आपल्या जोडीचा आवाज एकदा ऐका आणि तोच लिहा. सूर असेल तर "टिंग-टिंग" लिहिलं तरी चालतं.

दहा आकडे मोजणं ही खरी पायरी आहे. जोडायला काही सेकंद लागतात आणि त्या काही सेकंदांतच घाईने काहीतरी दाबलं जातं. अँड्रॉइडवर जोडल्या जात असलेल्या नावावर पुन्हा बोट पडलं तर कधी कधी जोडणी तुटते. "थोडं थांब" असं लिहिलं तर थांबणं किती ते कळत नाही, आणि घड्याळ बघायला सांगितलं तर नजर फोनवरून हलते. आकडे मोजताना हात आपोआप स्थिर राहतात.

"नाही झालं?" या भागात डबीत ठेवून झाकण लावणं एवढा एकच उपाय आहे. झाकण लावलं की इअरबड्स बंद होतात, उघडलं की नव्याने हाक मारतात, आणि अर्ध्याहून जास्त अडचणी तेवढ्यानेच सुटलेल्या मी बघितल्या आहेत. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर पुढे काही करायचं नाही, हे कार्डावर स्पष्ट लिहिलेलं असावं. नाहीतर आई तासभर काहीतरी दाबत बसते, त्यात जुनी ओळख पुसली जाते आणि मला ती सगळी पुन्हा उभी करावी लागते. डबीवरचं बटण असेल तर त्याबद्दल कार्डावर एक शब्दही नको. ते जास्त वेळ दाबून धरलं की नवी ओळख सुरू होते, काही जोड्यांमध्ये जुनी पुसलीही जाते. मी त्या बटणावर पारदर्शक चिकटपट्टीचा जाड तुकडा लावून टाकला.

मागची बाजू रात्रीची

सकाळच्या अडचणी रात्री सुरू होतात हे तीन दिवसांत दिसलं होतं. म्हणून कार्डाच्या मागे फक्त तीन ओळी आहेत:

> झोपताना
>
> दोन्ही कानातली डबीत. दोन्हीवर दिवा लागला का बघ.
>
> झाकण लाव. डबीला वायर लाव.
>
> फोनचं ब्लूटूथ तसंच राहू दे.

दिवा न लागणं ही सगळ्यात उपयोगी खूण आहे. इअरबड नीट बसला आणि चार्ज होऊ लागला की बऱ्याच जोड्यांमध्ये त्याच्यावर किंवा डबीवर दिवा लागतो. एका बाजूचा सारखा लागत नसेल तर चार्जिंगचे सोनेरी ठिपके मळलेले असतात. कानातला मळ आणि घाम तिथे साठतो. कोरड्या कापसाने इअरबडवरचे आणि डबीच्या तळाचे दोन्ही ठिपके पुसा. पाणी लावू नका, आणि टाचणीने खरवडू तर मुळीच नका. हे काम मी भेटीला गेलो की स्वतःच करतो, कार्डावर टाकलेलं नाही.

वायर रोज लावायला सांगितलं आहे, दर रविवारी नाही. डबी एकदा चार्ज केली की काही दिवस पुरते हे खरं. पण "आज वायर लावायची का?" हा प्रश्न आईला पडूच नये असं मला वाटतं. डबी भरली की चार्ज होणं आपणहून थांबतं. डबीच पूर्ण रिकामी झाली तर अनेक जोड्यांना आपण डबीत आहोत की बाहेर हेही कळत नाही. ते आत राहूनही फोनला जोडलेले राहतात. मग कुणाचा फोन आला तर आवाज बंद डबीत घुमतो आणि आईला वाटतं समोरचा बोलतच नाहीये. हे एकदा झालं आहे. तुम्हाला तसं आढळलं तर आधी डबी चार्ज करा.

अक्षर किती मोठं

मोठ्या अक्षरांची छपाई म्हणजे साधारण १८ पॉइंट आणि त्यापुढची समजतात. देवनागरीत मात्र तेवढ्याने भागत नाही. वर-खाली मात्रा, उकार आणि अनुस्वार असल्याने त्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षर लहान पडतं, आणि शिरोरेषेच्या वरचा ठिपका म्हाताऱ्या डोळ्यांना सहज निसटतो. मी २८ पॉइंट घेतलं, ओळींमधलं अंतर दीडपट. एवढं मोठं घेतलं की सकाळची बाजू ए-फोर कागदावर मावते, त्याहून लहान कागदावर नाही. मावत नाही म्हणून अक्षर लहान करू नका, शब्द कमी करा.

मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा साधा, एकसारख्या जाडीचा टाइप घ्या. कलाकुसरीच्या अक्षरांत "ध" आणि "घ" एकसारखे दिसतात. काळी शाई, पांढरा किंवा फिकट पिवळा कागद. पाठीमागे चित्र किंवा रंगाची पट्टी नको. लॅमिनेशन करणार असाल तर न चमकणारं मागा. चमकत्या लॅमिनेशनवर सकाळी खिडकीतला उजेड पडतो आणि नेमकी मधली ओळ दिसत नाही. माझं दुसरं कार्ड याच कारणाने बाद झालं. प्रिंटर नसेल तर जाड काळ्या मार्करने हातानेही सुरेख होतं, फक्त पेन्सिलीने रेघा आखून घ्या.

आकार ठरवताना स्वतःच्या डोळ्यांवर जाऊ नका. एकच ओळ २४, २८ आणि ३२ पॉइंटमध्ये छापून तिच्या रोजच्या जागी, रोजच्या उजेडात, हाताच्या अंतरावर धरा आणि मोठ्याने वाचायला सांगा. न अडखळता वाचता येणारा सगळ्यात लहान आकार निवडू नका, त्याच्या एक पायरी वरचा निवडा. सकाळी झोप पुरती उतरलेली नसते आणि चष्माही कधी सापडलेला नसतो.

पहिल्या पायरीशेजारी मी तिच्याच फोनच्या पडद्याचं छायाचित्र छापलं आहे, पहिल्या चौकोनाभोवती जाड काळं वर्तुळ काढून. इंटरनेटवरचं चित्र घेतलं असतं तर ते तिच्या फोनसारखं दिसलं नसतं, आणि तिने चित्रातला चौकोन फोनवर शोधत बसण्यात वेळ घालवला असता.

चाचणी, आणि कार्ड कधी बदलायचं

कार्ड तयार झालं की मुद्दाम बिघाड करून बघा. एक दिवस गुपचूप ब्लूटूथ बंद करून ठेवा. दुसऱ्या दिवशी एक इअरबड डबीत अर्धवट ठेवा. तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबा. आईने हाक न मारता दोन्ही वेळा पुस्तक लावलं तर कार्ड झालं. ती जिथे थबकते त्या ओळीतला शब्द बदला, तिला समजावू नका. समजावलेलं चार दिवसांनी विसरलं जातं, कार्डावरचा शब्द तिथेच राहतो.

तुमच्यासाठी मागच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात चार गोष्टी लिहून ठेवा: इअरबड्सचं कंपनीचं मूळ नाव, ती जोडी पूर्ववत करायची कृती, फोनच्या पडद्याची भाषा आणि कार्ड केल्याची तारीख. फोनवरून मदत करायची वेळ आली की "कार्ड उलटं कर आणि उजव्या कोपऱ्यातलं वाच" एवढं म्हणता येतं.

फोनमध्ये मोठा अपडेट आला की चौकोनांची जागा, रूप, कधी नावही बदलतं. अपडेटनंतरच्या पहिल्या भेटीत पाचही पायऱ्या स्वतः करून बघा आणि छायाचित्र पुन्हा घ्या. नवं कार्ड दिलं की जुनं घेऊन जा. आमच्याकडे दोन्ही काही दिवस घरात राहिली, तेव्हा आई हाताला सवयीचं असलेलं जुनंच उचलत राहिली.